सोसायटीच्या सभेची सूचना स्क्रीन रीडरला नीट वाचता येईल अशी कशी लिहायची?

मेधा_ठाणे

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना दरवर्षी एकाच जुन्या वर्ड फाइलवरून निघते. तारखा बदलल्या की झालं. सभासदांपैकी दोघे स्क्रीन रीडरवर ऐकतात, एक संगणकावर एनव्हीडीएने आणि एक फोनवर टॉकबॅकने. दोघांचंही म्हणणं की सूचना वाचली जाते, पण सभा कधी आहे आणि पैसे किती भरायचे हेच कळत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आहे, चित्र नाही. मग अडतं कुठे?

मूळ मजकूर हा असा:

> सू च ना
>
> दि. ५/९/२५
>
> सर्व सभासदांस कळविण्यात येते की संस्थेची वा. स. सभा रवि. दि. २१/९/२५ रोजी स. १०ः३० वा. गच्चीवर होईल (गणसंख्या न झाल्यास ११ वा. त्याच जागी).
>
> वि.ः
>
> १) मा. सभेचे इतिवृत्त मंजूर करणे.
>
> २) मा. अध्यक्षांचे मनोगत.
>
> ३) देखभाल शुल्क द. म. रु. १,२००/- १,५००/- करणे.
>
> सोबतच्या यादीत लाल रंगात दाखविलेल्या स. क्र. धारकांनी थकबाकी १५/९ पर्यंत भरावी. ✔ असलेल्यांनी दुर्लक्ष करावे.
>
> कृ. मा. प.

तिसऱ्या विषयात १,२०० वर आडवी रेघ मारलेली आहे, ती इथे दिसत नाही.

---

प्रभाकर_सोलापूर

फॉन्ट १६ करा आणि ओळींत जागा सोडा. ज्येष्ठांना लहान अक्षर त्रास देतं. पिवळ्या कागदावर काळी छपाई घेतलीत तर आणखी बरं.

---

मेधा_ठाणे

काका, हे दोघे सूचना कानाने ऐकतात. फॉन्टचा आकार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

---

कानसेन

आधी फक्त वेळेचा तुकडा घेऊ, कारण निम्मा घोटाळा त्यातच आहे.

"वा. स. सभा रवि. दि. २१/९/२५ रोजी स. १०ः३० वा."

यात "वा." दोनदा आलाय. पहिला वार्षिक, दुसरा वाजता. "स." ही दोनदा, एकदा सर्वसाधारण आणि एकदा सकाळी. पुढे "स. क्र." मध्ये तोच "स." सदनिका होतो. "मा. सभेचे" मधला "मा." मागील, लगेच खालच्या ओळीतला माननीय. डोळ्याने वाचणारा संदर्भावरून ओळखतो आणि आपण काही ओळखलं हेही त्याच्या लक्षात येत नाही. आवाज फक्त "वा", "स", "मा" म्हणतो. त्यातून "११ वा." कानाला सरळ "अकरावा" ऐकू येतं. गणसंख्या न झाल्यास अकरावा. कोण अकरावा?

दुसरी अडचण टिंबाची. आवाज देणारं इंजिन टिंब आणि त्यापुढची मोकळी जागा दिसली की वाक्य संपलं असं धरतं, स्वर खाली आणतं आणि थांबतं. इंग्रजीत पुढचं अक्षर लहान आहे की मोठं यावरून थोडा अंदाज बांधता येतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे तो आधारही नाही. तुमच्या त्या एका वाक्यात पहिल्या "वा." पासून शेवटच्या "वा." पर्यंत सहा टिंबं आहेत. ऐकणाऱ्याला सहा अर्धवट वाक्यं मिळतात.

तिसरी गोष्ट डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. "१०ः३०" मध्ये तुम्ही अपूर्णविराम टाइप केलेला नाही, विसर्ग केलाय. "वि.ः" मध्येही तेच. दोन्ही ठिकाणी दोन टिंबं एकाखाली एक दिसतात, पण विसर्ग हे अक्षराचं चिन्ह आहे, U+0903. अपूर्णविराम U+003A. विसर्ग आकड्याला चिकटला की कुठला आवाज "दहा ह तीस" म्हणतो, कुठला "विसर्ग" असं नाव घेतो, कुठला गिळून टाकतो.

---

मेधा_ठाणे

विसर्गाचं खरंच माहीत नव्हतं. पण हा आला कुठून? मुद्दाम कोणी विसर्ग का टाइप करेल?

---

कानसेन

मुद्दाम नाहीच करत. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर इंग्रजीत अर्धविराम आणि अपूर्णविराम असतात तिथे च आणि छ आहेत. अपूर्णविराम हवा तर भाषा बदलून इंग्रजीत जावं लागतं. विसर्ग मात्र शिफ्ट आणि वजाच्या कळीवर हाताशी आहे. टंकणारा तो दाबतो, कागदावर फरक दिसत नाही, आणि फाइल पुढे वर्षानुवर्षं चालू राहते.

उलटी चूकही होते. "दु:ख" मध्ये अपूर्णविराम टाकतात, मग आवाज "दु" वर अडखळून "ख" वेगळा म्हणतो.

शोधायला रेगेक्स चालणारा कुठलाही एडिटर घ्या. आकड्यामागचा विसर्ग असा सापडेल:

```
[०-९0-9]ः
```

आणि शब्दाच्या मधला अपूर्णविराम असा:

```
[क-हा-ौ]:[क-ह]
```

पहिल्यात आकडा तसाच ठेवून फक्त विसर्ग सरसकट बदलला तरी चालतं. दुसऱ्यात "वेळ:सकाळी" असं जागा न सोडता लिहिलेलंही सापडेल, म्हणून एकेक बघून बदला. शब्दाच्या शेवटचे विसर्ग मात्र आपोआप बदलू नका, "स्वतः", "विशेषतः", "अंशतः" यांचा बळी जाईल.

---

कोडगा

एवढा खटाटोप कशाला? सूचना वेबपेजवर टाका आणि संक्षेपांना `abbr` लावा. डोळ्याला लहान रूप, कानाला पूर्ण रूप.

```html
<abbr title="वाजता">वा.</abbr>
```

टॅग याच कामासाठी आहे.

---

कानसेन

टॅग त्यासाठी आहे हे बरोबर. पण `title` मधला मजकूर बहुतेक स्क्रीन रीडर आपणहून बोलत नाहीत. जॉज या स्क्रीन रीडरमध्ये संक्षेप उलगडण्याची सोय आहे, ती मुळात बंद असते आणि फार थोडे लोक ती चालू करतात. फोनवर तर `title` बघायला माउसही नसतो. म्हणजे तुम्ही पूर्ण शब्द लिहिलात खरा, पण कोणालाच दिसणार नाही आणि ऐकूही येणार नाही अशा जागी. मेधाताईंची वर्ड फाइल आहे, तिथे हा टॅग नाहीच.

वेबपेज करणारच असाल तर आधी हे तपासा:

```html
<html lang="mr">
```

साच्यात `hi` राहून गेलं असेल तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजात जातो. ळ बिघडतो, च-जचे मराठी उच्चार जातात आणि ४५ चं "पैंतालीस" होतं. ऐकणाऱ्याला वाटतं त्याच्याच फोनमध्ये काहीतरी बिनसलंय. वर्डमध्येही हेच बघायचं. सगळा मजकूर निवडा आणि प्रूफिंगची भाषा मराठी ठेवा.

---

शैला_वाचनालय

पुस्तकात करतात तसं करता येईल ना? पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण शब्द, कंसात लहान रूप, पुढे सगळीकडे लहान रूप. "वार्षिक सर्वसाधारण सभा (वा. स. सभा)". किंवा ऐकणाऱ्याने एनव्हीडीएच्या शब्दकोशात "वा." म्हणजे "वाजता" असं एकदा भरून ठेवावं.

---

अंधारयात्री

मी रोज एनव्हीडीए वापरतो, म्हणून उत्तर देतो.

शब्दकोश चालणार नाही. याच सूचनेत "वा." चे दोन अर्थ आहेत. शब्दकोशात "वाजता" भरलं की मला "वाजता स सभा" ऐकू येईल. शिवाय तुमच्या संक्षेपांचा शब्दकोश मी का भरायचा?

पहिल्यांदा पूर्ण, मग संक्षेप, ही पद्धत मोठ्या अहवालात ठीक आहे. मागे जाऊन बघणं डोळ्याला सोपं असतं, कानाला नाही. एका पानाच्या सूचनेत तर वाचवायला काही नाहीच. पूर्ण शब्द लिहा.

कंसाबद्दल लोकांना एक गोष्ट माहीत नसते. एनव्हीडीएची विरामचिन्हांची पातळी मुळात "काही" वर असते. त्या पातळीवर कंस बोलला जात नाही. वजाचं चिन्हही बोललं जात नाही. स्लॅश आणि तारांकन बोलले जातात. म्हणून "१०-१२" मला "दहा बारा" असं ऐकू येतं, आणि कंसातलं वाक्य बाहेरच्या वाक्यात मिसळून जातं. गणसंख्येचं वाक्य कंसातून काढून स्वतंत्र करा. पातळी मी वाढवू शकतो, पण मग प्रत्येक अपूर्णविरामाला आणि अवतरणचिन्हाला त्याचं नाव ऐकत बसावं लागतं. कोणी तसं ऐकत नाही.

आणि हो, सगळेच संक्षेप उलगडायला निघू नका. "श्री." आणि "डॉ." कानाला इतके सरावाचे आहेत की मला अडत नाहीत. प्रत्येक नावाआधी "श्रीयुत" ऐकायची माझी तयारी नाही.

---

कानसेन

"डॉ." बद्दल सहमत. "प्रा." मात्र मी उलगडतो. तो प्राध्यापक असतो, प्राथमिक असतो आणि "प्रा. लि." मध्ये प्रायव्हेट.

---

अंधारयात्री

"प्रा." नावाच्या आधी आला तर मला कळतं. पण चालेल.

---

मेधा_ठाणे

मी काल एनव्हीडीए उतरवून घेतला आणि साधनांमधला स्पीच व्ह्यूअर उघडून बघितला. सूचना त्यात जशीच्या तशी दिसते, "स. १०ः३० वा." सकट. म्हणजे वाचन तर बरोबरच होतंय?

---

अंधारयात्री

नाही. स्पीच व्ह्यूअर एनव्हीडीएने बोलण्यासाठी कोणता मजकूर घेतला ते दाखवतो. आवाजाने त्याचं काय केलं ते त्यात येत नाही. विसर्ग तिकडे विसर्ग म्हणूनच गेला, म्हणून तुम्हाला तो नीट दिसला. लाल रंग पोचतोय का, चित्राला वर्णन आहे का, हे तपासायला ती खिडकी उपयोगी आहे. उच्चार तपासायला कानच लागतात.

स्क्रीनकडे पाठ करा, इन्सर्ट आणि खालचा बाण दाबून सगळं वाचून घ्या, आणि एकदाच ऐकून कागदावर चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, जागा, रक्कम. एखादी अडली तर ते वाक्य बदला. हे माझ्यासारख्या सरावलेल्या माणसाकडून करून घेऊ नका, मी सवयीने अंदाज बांधतो.

---

विनायक_डीटीपी

माझ्याकडे स्मरणिकेची पीडीएफ आहे, श्रीलिपीत केलेली. स्क्रीन रीडर तिच्यात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडतो. संक्षेप काढले तर सुधारेल का?

---

कानसेन

नाही, तुमचा आजार वेगळा आहे. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचा नुसता आकार असतो, आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय उपाय नाही, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार हाताने तपासावे लागतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

---

अंधारयात्री

आता दिसण्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी. या माझ्या दृष्टीने संक्षेपांपेक्षा वाईट, कारण संक्षेप निदान खटकतो. या गोष्टी खटकतही नाहीत, गुपचूप चुकीची माहिती देतात.

आडवी रेघ. एनव्हीडीए अक्षरांचं रूप मुळात सांगत नाही, ना ठळक, ना रंग, ना रेघ. तुमचा तिसरा विषय मला असा ऐकू येतो: "बाराशे स्लॅश पंधराशे स्लॅश करणे". काय ठरणार आहे? बाराशेचे पंधराशे, पंधराशेचे बाराशे, की दोन्ही? त्यात "१,५००" मधला स्वल्पविराम काही आवाज थांबा म्हणून घेतात आणि "एक, पाचशे" म्हणतात.

लाल रंग. यादी उघडली तर मला सगळे सभासद सारखेच. मी थकबाकीदार आहे की नाही हे मलाच कळणार नाही.

बरोबरची खूण. बहुतेकदा तिचं नाव बोललं जातं, पण वेगळ्या रकान्यात असली तर ती कोणाच्या नावासमोर आली हे लक्षात ठेवावं लागतं. रिकाम्या खान्यात काहीच बोललं जात नाही, आणि त्या शांततेचा अर्थ "नाही" असा आपला आपण लावायचा.

"सू च ना". शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून मध्ये जागा सोडलेली. कानाला तीन सुटी अक्षरं येतात. जागा काढा आणि रुंदी हवीच असेल तर वर्डमधलं अक्षरांतर वाढवा, ते फक्त दिसण्यात बदल करतं. शीर्षकाला शीर्षकाची शैलीही द्या. नुसतं ठळक केलं तर एचची कळ दाबून त्यावर जाता येत नाही.

---

शैला_वाचनालय

यादीत वरचंच परत असेल तर आपण खाली दोन स्वल्पविरामांची खूण करतो ना, तिचं काय होतं?

---

अंधारयात्री

अवतरणचिन्ह म्हणून बोललं जातं किंवा काहीच नाही. मी मधल्याच ओळीवर आलो असेन तर वर काय होतं ते शोधत बसतो. शब्द पुन्हा लिहा. टंकायला दोन सेकंद लागतात.

---

कानसेन

लाल यादीबद्दल थोडं आडवळण. रंगाच्या जागी "थकबाकी" असा रकाना करून प्रत्येक ओळीत रक्कम किंवा "नाही" लिहिता येईल. पण थकबाकीदारांची नावं सगळ्या इमारतीला वाटायची गरज काय? ज्याची त्याला वेगळी चिठ्ठी पाठवली तर यादीही जाते, रंगही जातो.

यादी ठेवलीच तर खरा तक्ता घाला. टॅबने किंवा स्पेस देऊन रकाने पाडू नका, आणि पहिली ओळ शीर्षक-ओळ म्हणून निवडा. खाने एकत्र जोडू नका. एनव्हीडीएत कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून खान्यातून खान्यात जातात, जोडलेल्या खान्यात ते वाट चुकतात.

"कृ. मा. प." वर बोलायलाच नको. कृपया मागे पहा. फाइलला पाठ कुठे असते?

---

मेधा_ठाणे

सगळं घेऊन पुन्हा लिहिलं. यादी काढली, चिठ्ठ्या वेगळ्या देणार.

> सूचना: वार्षिक सर्वसाधारण सभा
>
> सूचनेची तारीख: ५ सप्टेंबर २०२५
>
> संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, २१ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता इमारतीच्या गच्चीवर होईल. तेव्हा गणसंख्या पूर्ण झाली नाही, तर सभा त्याच दिवशी, त्याच जागी, सकाळी अकरा वाजता होईल.
>
> सभेपुढील विषय तीन आहेत.
>
> १. मागील सभेचे इतिवृत्त मंजूर करणे.
>
> २. माननीय अध्यक्षांचे मनोगत.
>
> ३. देखभाल शुल्क दरमहा १२०० रुपयांवरून १५०० रुपये करणे.
>
> ज्या सदनिकांची थकबाकी आहे त्यांना वेगळी चिठ्ठी पाठवली आहे. चिठ्ठी मिळाली असल्यास थकबाकी १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत भरावी.
>
> पुढील माहितीसाठी खाली उजवीकडील चौकटीतील क्रमांकावर संपर्क साधावा.

खजिनदारांना १२०० मध्ये स्वल्पविराम हवा होता, समजूत घातली.

---

कोडगा

आकडे देवनागरी ठेवलेत. फोनचा आवाज इंग्रजीवर असेल तर काही इंजिनं देवनागरी आकडे सोडून देतात. 1, 2, 3 लिहिणं सुरक्षित.

---

अंधारयात्री

आवाज इंग्रजीवर असेल तर आकड्यांच्या आजूबाजूचं मराठी तरी कुठे नीट वाचलं जाणार? देवनागरीच राहू द्या.

---

कानसेन

मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय आणि माझं अजून ठरलेलं नाही. एकाच सूचनेत दोन्ही मिसळू नका, एवढं नक्की. वेळ शब्दांत लिहिलीत हे उत्तम, "साडेदहा" ला कुठलाच आवाज अडत नाही.

विषय "तीन आहेत" असं आधी सांगितलंत तेही चांगलं. ऐकणाऱ्याला शेवट कुठे येणार ते कळतं.

---

अंधारयात्री

शेवटची ओळ बघा. "खाली उजवीकडील चौकटीतील". ही चौकट वर्डमधली मजकूर-चौकट असेल तर ती ओळीत नसते, पानावर तरंगत असते. मला ती शेवटी मिळेल, मध्येच मिळेल किंवा मिळणारच नाही. क्रमांक त्याच वाक्यात लिहा, "सचिवांना या क्रमांकावर फोन करावा" असं. दहा आकडे सलग लिहू नका, काही आवाज त्याची कोटीतली संख्या करतात. पाच आकडे, जागा, पाच आकडे.

---

मेधा_ठाणे

चौकट जुन्या फाइलमधून तशीच आली होती, काढली. आता व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची आहे. सचिव म्हणतात, पीडीएफचा फोटो टाकू, लोक फाइल उघडत नाहीत.

---

अंधारयात्री

फोटोत टॉकबॅकला सूचना नाही, चित्र मिळतं, आणि त्यातली अक्षरं ओळखली जातीलच याचा भरवसा नाही. हाच मजकूर संदेशात चिकटवा. आणि सुरुवातीला बोट दाखवणारे पाच हात टाकू नका, पाचही हातांची नावं ऐकावी लागतात.

---

प्रभाकर_सोलापूर

आणि सूचनाफलकावर लावायचा कागद? तो तर छापलेलाच राहणार.

---

मेधा_ठाणे

तोही याच मजकुराचा काढते काका, १६ च्या फॉन्टमध्ये.